मिठातलं पिंप किती टक्के झालं? लोणच्याच्या युनिटमधली समतुल्य एककं

प्रश्न: कणकवलीजवळ आमचं कैरीच्या लोणच्याचं छोटं युनिट आहे, हिशेब मी बघते. महिनाअखेरीला जी पिंपं अजून मुरत असतात, ती सगळी आम्ही सरसकट 50 टक्के पूर्ण धरतो. तरी एप्रिलमध्ये पिंपामागे खर्च फार जास्त येतो, हंगामाच्या शेवटी एकदम कमी, आणि मधे ठीक. ऑडिटर म्हणाले, इक्विव्हॅलंट युनिट चुकताहेत. ती नेमकी कशी काढायची?

उत्तर:

ताई, तुमचा 50 टक्के हा आकडा हवेतून आलेला नाही, हे आधी सांगतो. रोज सारखीच पिंपं भरली जात असतील, तर कुठल्याही दिवशी मुरणाऱ्या पिंपांपैकी काही कालची असतात, काही जवळपास तयार असतात, आणि सगळ्यांचं सरासरी वय मुरण्याच्या काळाच्या साधारण निम्मं येतं. म्हणजे दिवसांच्या मापाने तुमची पिंपं खरोखरच निम्मी झालेली आहेत. अडचण अशी की लोणच्यावरचा खर्च दिवसांच्या चालीने होत नाही. कैरीचे पैसे पहिल्याच दिवशी जातात, मसाल्याचे आणि तेलाचे मधल्या एका दिवशी एकदम जातात, आणि मजुरीचा मोठा भाग कापण्यातच संपतो. उरलेले दिवस पिंप नुसतं मुरत असतं.

म्हणून अर्धवट पिंपाबद्दल ‘हे किती टक्के झालं?’ असा एकच प्रश्न विचारून चालत नाही. प्रत्येक खर्चाबद्दल तो वेगळा विचारायचा: या पिंपात कैरी किती टक्के पडली, मसाला किती टक्के पडला, मजुरी किती टक्के झाली? तीन प्रश्नांची तीन उत्तरं येतात, आणि समतुल्य एककंही तीन वेगळी निघतात. समतुल्य एकक म्हणजे तरी काय, अर्धवट पिंपांवर जेवढा खर्च झाला तेवढ्यात किती पूर्ण पिंपं झाली असती, ती संख्या. दहा पिंपांवर प्रत्येकी निम्मी मजुरी झाली असेल, तर मजुरीपुरती ती पाच पूर्ण पिंपं.

आता एकक कोणतं घ्यायचं ते ठरवू. तुम्ही ‘पिंपामागे’ असं लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण बरेच जण किलोत मोजायला जातात आणि तिथेच फसतात. मिठात घातलेल्या फोडी पाणी सोडतात आणि आक्रसतात. ते पाणी थोडं निथळून काढलं जातं, मग मसाला आणि तेल पडून वजन परत वाढतं. मिठातला एक किलो आणि मसाला लागलेला एक किलो या एकाच मापाच्या वस्तू नव्हेत. म्हणून 100 किलो कापलेल्या फोडी ज्यात पडल्या ते एक पिंप, हे एकक धरा. वजन कितीही बदललं तरी पिंपांची संख्या बदलत नाही. देठ, कोय, डागी कैऱ्या यांची तूटही पिंप भरण्याआधीच होते, त्यामुळे 100 किलो फोडींसाठी 125 किलो कैरी लागली तर त्या 125 किलोंची किंमत पिंपाच्या खर्चात आपोआप येते, वेगळा नॉर्मल लॉस काढत बसावा लागत नाही. पिंपामागचा खर्च भरणीच्या वेळच्या प्रत्यक्ष वजनाने भागला की किलोचा दर मिळतो.

तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून सोपे गोल आकडे घेऊन एक एप्रिल पूर्ण करतो. पद्धत कळली की तुमचे आकडे घाला.

हंगामाचा पहिला महिना असल्यामुळे आधीचं अर्धवट काम काहीच नाही. रोज 4 पिंपं भरली, 30 दिवसांत 120. प्रत्येक पिंप 8 दिवस मिठात राहतं, मग पाणी निथळून मसाला आणि तापवून गार केलेलं तेल पडतं, आणि पुढे 7 दिवस ते मसाल्यात मुरतं. एकूण 15 दिवस. 30 एप्रिलच्या संध्याकाळी मोजणी केली तर 1 ते 15 तारखेला भरलेली 60 पिंपं तयार होऊन भरणीकडे गेलेली आहेत. 16 ते 22 तारखेची 28 पिंपं मसाल्यात आहेत. 23 ते 30 तारखेची 32 पिंपं अजून मिठात आहेत. म्हणजे 60 तयार आणि 60 अर्धवट. क्लोजिंग वर्क इन प्रोग्रेस तयार मालाएवढंच आहे, म्हणून टक्क्यातली छोटी चूकही इथे मोठी रक्कम हलवते.

महिन्याचा खर्च असा: कैरी, मीठ, हळद मिळून 3,84,000 रुपये. मोहरीची डाळ, मेथी, तिखट, हिंग आणि तेल मिळून 5,28,000. मजुरी, गॅस, वीज, देखरेख हा कन्व्हर्जनचा खर्च 1,56,300. एकूण 10,68,300.

कैरीचं उत्तर सोपं आहे. फोडी पडल्याशिवाय पिंप होतच नाही, तेव्हा मिठातलं पिंप असो की मसाल्यातलं, कैरी 100 टक्के. एककं 60 + 28 + 32 = 120.

मसाल्यात मधलं काही नसतं. मसाला एका दिवशी कालवला जातो, त्यामुळे पिंपात तो एकतर पूर्ण पडलाय किंवा अजिबात नाही. मिठातल्या 32 पिंपांना मसाल्याचा एक रुपयाही लागू होत नाही, मग त्यांतलं एखादं उद्या सकाळीच कालवायचं असलं तरी. एककं 60 + 28 = 88.

मजुरीला मात्र बसून विचार करावा लागतो, आणि ऑडिटर विचारतात तेही इथेच. दिवसांऐवजी तास मोजा. एका पिंपामागे किती माणूस-तास लागतात, हे चार-पाच पिंपांवर प्रत्यक्ष घड्याळ लावून लिहून घ्या. आपल्या उदाहरणात धुणं, पुसणं, कापणं आणि मीठ लावून भरणं यांना 5 तास लागतात. मिठातल्या आठ दिवसांत ढवळणं, फोडी पाण्याखाली दाबणं आणि तपासणं यांत 1 तास. मसाला भाजणं, दळणं, तेल तापवणं आणि कालवणं 3 तास. नंतरच्या सात दिवसांत वरखाली करायला 1 तास. एकूण 10 तास.

आता मिठातलं सरासरी पिंप घ्या. कापण्याचे 5 तास पूर्ण, आणि मिठातल्या एका तासापैकी साधारण निम्मा झालेला. 10 पैकी साडेपाच तास, म्हणजे 55 टक्के. मसाल्यातलं सरासरी पिंप: 5, 1 आणि 3 असे 9 तास पूर्ण, शेवटच्या तासाचा निम्मा झालेला. साडेनऊ तास, म्हणजे 95 टक्के. एककं 60 + (28 × 0.95 = 26.6) + (32 × 0.55 = 17.6) = 104.2.

हे तिन्ही एकत्र मांडलं की असं दिसतं:

| खर्च | रक्कम (रु.) | समतुल्य पिंपं | पिंपामागे दर (रु.) |
|---|---|---|---|
| कैरी, मीठ, हळद | 3,84,000 | 120 | 3,200 |
| मसाला, तेल | 5,28,000 | 88 | 6,000 |
| कन्व्हर्जन | 1,56,300 | 104.2 | 1,500 |

पूर्ण पिंपाचा खर्च 3,200 + 6,000 + 1,500 = 10,700 रुपये. तयार 60 पिंपांचे 6,42,000 भरणी विभागाकडे जातात. पिंपातून 140 किलो लोणचं निघालं तर किलोला साधारण 76 रुपये, बरणी-झाकणाशिवाय.

मसाल्यातल्या एका पिंपावर 3,200 + 6,000 + 1,425 = 10,625 रुपये बसले, 28 पिंपांचे 2,97,500. मिठातल्या एका पिंपावर 3,200 + 0 + 825 = 4,025 रुपये, 32 पिंपांचे 1,28,800. क्लोजिंग वर्क इन प्रोग्रेस 4,26,300. तयार मालाचे 6,42,000 मिळवले की 10,68,300, म्हणजे महिन्याचा सगळा खर्च पैनपै जागेवर बसला. ही बेरीज जुळलीच पाहिजे. पण ती जुळली म्हणजे टक्के बरोबर आहेत असं समजू नका, कारण टक्के चुकले तरी बेरीज जुळतेच.

तुमच्या पद्धतीने तीही जुळते, बघा. 60 तयार आणि 60 ची निम्मी 30, एकूण 90 एककं. 10,68,300 भागिले 90 म्हणजे पिंपामागे 11,870 रुपये. तयार मालावर 7,12,200 गेले आणि अर्धवट कामावर 3,56,100 राहिले. प्रत्येक तयार पिंप 1,170 रुपयांनी महाग दिसलं, आणि अर्धवट काम 70,200 रुपयांनी कमी. याच किमतीवर घाऊक दर ठरवला असेल, तर एप्रिलमध्ये तुम्ही विनाकारण चढा भाव सांगितला असेल.

मधले महिने ठीक का दिसतात? मेमध्ये हीच पद्धत आणि हेच दर राहिले, 120 पिंपं भरली आणि 120 तयार झाली, तर सुरुवातीचं अर्धवट काम 70,200 ने कमी असतं आणि अखेरीचंही कमीच. दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी झाकतात: सुरुवातीचे 3,56,100 आणि मेचे 12,84,000 मिळून 16,40,100 भागिले 150 एककं, म्हणजे पिंपाचा दर 10,934 दिसतो, खऱ्या दरापेक्षा फक्त 234 जास्त. पण कैरी संपली, नवीन पिंप भरायचं थांबलं, की झाकायला दुसरी चूक उरत नाही. शेवटच्या महिन्यात तुम्ही मेअखेरच्या 30 एककांचे 3,28,020 घेऊन सुरुवात करता. मिठातल्या 32 पिंपांना मसाल्याचे 1,92,000 लागतात. मजुरीची उरलेली 15.8 एककं 23,700 रुपये घेतात. एकूण 5,43,720 भागिले 60, म्हणजे पिंपामागे 9,062. पहिल्या महिन्यात 1,170 जास्त, शेवटच्या महिन्यात 1,638 कमी. तुम्ही वर्णन केलेला चढउतार हाच आहे. दुसऱ्या एका युनिटमध्ये मी हेच चित्र पाहिलं होतं. तिथे हंगामाच्या शेवटच्या महिन्यातला स्वस्त दर पाहून मालकांनी दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरचा भाव कमी कबूल केला, आणि तो खड्डा भरून काढायला पुढचा हंगाम गेला. सुरुवातीला फुगलेला आणि शेवटी पडलेला दर दिसला, की आधी अर्धवट कामाचे टक्के तपासावेत असं मी म्हणतो. कैरीचा भाव त्यानंतर पाहावा.

दिवस मात्र पूर्ण सोडून देऊ नका. एक खर्च असा आहे की जो खरोखर दिवसांनीच होतो: मुरवणीच्या खोलीचं भाडं. तिथे पिंप जितके दिवस जागा अडवतं तितका खर्च त्याचा. ही रक्कम लहान असेल तर कन्व्हर्जनमध्येच राहू द्या. मोठी असेल, तर चौथा रकाना करा आणि त्यात तुमची 90 एककं जवळपास तशीच वापरा, तिथे ती शोभतात. साठवणुकीचा खर्च मालाच्या किमतीत घेता येत नाही, असं कोणी म्हणेल. लेखा मानक 2 मध्ये तसा नियम आहे, पण त्यातच अपवादही आहे: पुढच्या टप्प्याआधी उत्पादनासाठीच जी साठवण आवश्यक असते, तिचा खर्च किमतीत धरता येतो. मिठात मुरल्याशिवाय मसाला लावता येत नाही, तेव्हा मुरवणीची खोली त्या अपवादात बसते. भरून तयार झालेल्या बरण्यांच्या गोदामाचं भाडं बसत नाही, ते वेगळं ठेवा.

मेपासून तुमच्याकडे सुरुवातीचं अर्धवट काम असेल. तिथे दोन रस्ते आहेत, वेटेड ॲव्हरेज आणि फिफो, आणि मानकाला दोन्ही चालतात. समजा मेमध्येही 120 पिंपं भरली, 120 तयार झाली आणि अखेरीला पुन्हा 28 मसाल्यात, 32 मिठात आहेत. वेटेड ॲव्हरेजमध्ये सुरुवातीच्या कामावरचा जुना खर्च आणि मेचा खर्च एकत्र करतात, आणि एककं म्हणजे तयार पिंपं अधिक अखेरीची समतुल्य पिंपं. कैरीची 120 + 60 = 180. यातून सुरुवातीची पिंपं वजा करायची नाहीत. खर्च एकत्र घ्यायचा आणि एककं मात्र वजा करायची, ही चूक मी फार वेळा पाहिली आहे.

फिफोमध्ये फक्त मेमध्ये झालेलं काम मोजतात. सुरुवातीच्या पिंपांना कैरी लागलीच नाही, म्हणून कैरीची एककं 60 + 60 = 120. त्यांपैकी मिठातल्या 32 ना मसाला मेमध्ये पडला, तेव्हा मसाल्याची 32 + 60 + 28 = 120. मजुरीत 28 ची 5 टक्के, म्हणजे 1.4, आणि 32 ची 45 टक्के, म्हणजे 14.4, अधिक 60, अधिक 44.2, पुन्हा 120. भरणी आणि तयारी एकाच वेगाने चालल्यामुळे तिन्ही आकडे सारखे आले. तुमच्याकडे ते वेगळे येतील.

फरक कुठे पडतो तो कैरीच्या भावात. समजा मेमध्ये रायवळ कैरी मुबलक आली आणि पिंपामागचा कैरी-मीठ खर्च 3,200 वरून 2,600 झाला. वेटेड ॲव्हरेजने दर 1,92,000 अधिक 3,12,000 भागिले 180, म्हणजे 2,800. अखेरीच्या 60 पिंपांत कैरी 1,68,000 ची दिसते. फिफोने ती 1,56,000 ची. ही 60 पिंपं 16 तारखेनंतर भरलेली आहेत, तेव्हा त्यांत एप्रिलची महाग कैरी एक फोडही नाही. पिंपांवर तारीख असते आणि जुनं पिंप आधी निघतं, म्हणून लोणच्याला मला फिफो जास्त खरं वाटतं. पण हिशेबाला वेळ कमी असेल तर वेटेड ॲव्हरेजही ठीक आहे. हंगामाच्या मधेच एकावरून दुसऱ्यावर जाऊ नका, एवढंच.

पिंप बिघडलं तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण क्लोजिंगच्या आकड्यात ते हमखास घुसतं. मिठातल्या 32 पैकी एकाचं झाकण नीट बसलं नाही, फोडी पाण्यावर तरंगल्या, पांढरी साय धरली, फोडी मऊ पडून वास आला आणि ते फेकलं. हे टाळता आलं असतं, म्हणजे ॲबनॉर्मल लॉस. ते पिंप बिघडलं तेव्हा ज्या टप्प्यावर होतं, त्या टप्प्याने एककांत धरा: कैरी पूर्ण, मसाला शून्य, चौथ्या दिवशी बिघडलं असेल तर मजुरी 55 टक्के. त्याचे 4,025 रुपये नफा-तोटा खात्यात जातात, अखेरीला 31 पिंपं राहतात आणि चांगल्या पिंपांचे दर तसेच राहतात. तेच पिंप गुपचूप मोजणीतून वगळलं, तर कैरीची एककं 119 होतात आणि दर 3,227 वर जातो, मजुरीचा 1,508 वर. तोटा चांगल्या लोणच्याच्या किमतीत मिसळतो आणि कोणाला दिसत नाही. शंभरात एखादं पिंप कितीही काळजी घेतली तरी जातंच, असा तुमच्याकडे काही वर्षांचा अनुभव लिहून ठेवलेला असेल, तर तेवढ्यापुरतं हे वगळणं बरोबर आहे. त्याला नॉर्मल लॉस म्हणतात.

ऑडिटरना दाखवायला दोन कागद पुरतात. प्रत्येक पिंपावर चिठ्ठी लावा: भरल्याची तारीख, मसाला घातल्याची तारीख, भरणीला दिल्याची तारीख. 30 तारखेला संध्याकाळी मुरवणीच्या खोलीत फिरून त्या चिठ्ठ्यांवरून मोजणी करा, वहीवरून करू नका. दुसरा कागद तासांचा, ज्यातून 55 आणि 95 आले. कापायला यंत्र आणलंत तर 5 तासांचे 2 होतील आणि टक्के बदलतील, मिठातलं पिंप मग 7 पैकी अडीच तासांचं, म्हणजे 36 टक्क्यांच्या आसपास येईल. पण यंत्राची वीज आणि घसारा कापण्याच्या टप्प्यावर वाढतो, तेव्हा नुसते तास पुरणार नाहीत, टप्प्यानुसार रुपये मोजावे लागतील.

मसाल्याच्या 88 चा पडताळाही सोपा आहे. स्टोअरमधून निघालेलं तेल एका पिंपाच्या प्रमाणाने भागा. पिंपाला 22 किलो तेल लागत असेल आणि महिन्यात 1,936 किलो निघालं असेल, तर 88 पिंपं बरोबर. आकडा 95 वगैरे आला, तर एकतर चिठ्ठ्या चुकल्या आहेत, किंवा काही तेल आणि दळलेला मसाला कालवण्याच्या टेबलाजवळ नुसता पडून आहे. तो पिंपात पडेपर्यंत कच्चा मालच असतो. त्याचं वजन करून स्टोअरच्या शिलकेत परत घ्या आणि मगच 5,28,000 चा आकडा पक्का करा.